लाल सूर्याखालची जीवसृष्टी बनवताय? मग या चुका टाळा

कथेसाठी किंवा गेमसाठी मंद लाल सूर्य घेतला रे घेतला की पुढचं पॅकेज ठरलेलं असतं: आभाळ रक्तासारखं, झाडं काळी आणि प्राण्यांना उष्णता दिसणारे डोळे. यातलं थोडं चालतं, पण कारण माहीत नसलं की पुढे सगळं गडबडतं. आपण खराखुरा तारा घेऊ, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवरचा. त्याच्याभोवती २०१६ साली सापडलेला प्रॉक्सिमा बी हा ग्रह ११ दिवसांत एक फेरी मारतो, इतका तो ताऱ्याला चिकटून आहे.

पहिली गोष्ट रंगाची. ताऱ्याचा पृष्ठभाग साधारण ३००० केल्विन, म्हणजे जुन्या तारेच्या बल्बएवढा, त्यामुळे उजेड पिवळट-नारिंगी दिसेल, रक्तबंबाळ नाही. तारा छोटा असला तरी जवळ असल्यामुळे आभाळात आपल्या सूर्याच्या तिप्पट रुंद दिसणार. ग्रहाला पृथ्वीच्या साधारण ६५ टक्के ऊर्जा मिळते, पण तिचा बहुतेक भाग अवरक्त, आपल्या डोळ्यांना दिसणारा उजेड फारच थोडा. म्हणजे ऊब बऱ्यापैकी आणि उजेड गच्च ढगाळ दिवसासारखा, आणि तिथेच जन्मलेल्या प्राण्याला तो मंद वगैरे काही वाटणार नाही, त्याच्यासाठी तेच लख्ख ऊन.

सगळ्यात जास्त घोळ मात्र झाडांपाशी होतो. काळं पान सगळा प्रकाश गिळतं हे बरोबर, पण गिळला म्हणजे पचला असं नाही ना! अवरक्त फोटॉनमध्ये दम कमी असतो आणि पाणी फोडून ऑक्सिजन काढायला दम लागतो. पृथ्वीवर क्लोरोफिल एफ वापरणारे सूक्ष्मजीव ७५० नॅनोमीटरच्या आसपासपर्यंत ते जमवतात. १००० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश वापरणारे जांभळे जीवाणूही आहेत, पण ते ऑक्सिजन सोडत नाहीत. तेव्हा आधी ठरवा, तुमच्या ग्रहाला ऑक्सिजन हवाय का. हवा असेल तर झाडांची कमाई कमीच राहणार. आपण पृथ्वीच्या दहावा हिस्सा धरू, तोही उदारपणे, कारण या ग्रहावर सूर्य मावळतच नाही असं मानलंय, का ते पुढे येईलच.

आता हिशोब करा. पृथ्वीवरच्या कुरणात गवत १००० किलो असेल तर त्यातून चरणारे साधारण १००, आणि त्यांना खाणारे १० किलो. इथे तेच १००, १० आणि १. म्हणजे दर दरीत लांडग्यांची टोळी सोडलीत तर ती उपाशी मरेल. पण शिकारी थंड रक्ताचा केला, मगरीसारखा पडून राहणारा, तर त्याला तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या दहाव्या हिश्श्याएवढंच खाणं पुरतं आणि गणित पुन्हा जुळतं. थोडक्यात, पाठलागाचे सीन कमी करा, दबा धरणारे वाढवा.

दबा धरायला जागाही छान मिळते. असा ग्रह बहुधा ताऱ्याला एकच बाजू दाखवत फिरतो, म्हणजे संध्याकाळ नाही आणि रात्री बाहेर पडणारे प्राणीही नाहीत (ड्राफ्टमध्ये ‘सूर्य मावळला’ शोधा, हमखास सापडेल). सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर कायमचा टांगलेला असेल तर १० मीटर उंच खडकाची सावली १७ मीटर लांब पडते आणि ती कधीच हलत नाही. तिच्या आत झाड उगवणार नाही, आणि सूर्य रुंद दिसत असल्यामुळे सावलीची कड ठळक न राहता मीटरभर धूसर पट्टा बनते. त्या पट्ट्यात अर्ध्या उजेडावर भागवणारं खुरटं गवत, ते खायला येणारा प्राणी, ज्याचे डोळे उजेडाला सरावलेत, आणि आतल्या अंधारात चपटा पडलेला आपला शिकारी.

त्याला दिसतं कसं? इथे ‘अवरक्त म्हणजे उष्णता’ ही चूक होते. ताऱ्याचा अवरक्त प्रकाश १ मायक्रॉनच्या आसपासचा, तर ३७ अंशांच्या शरीरातून निघणारा ९-१० मायक्रॉनचा. एकाच डोळ्याने दोन्ही भागणार नाही. आपल्या सह्याद्रीतला चापडा साप बघा, डोळा वेगळा आणि डोळा-नाकपुडीमधला उष्णता ओळखणारा खळगा वेगळा. घोणस आणि फुरशाला तो खळगाच नाही. शिवाय डोळ्यातलं रसायन जितकं लांब लहरींना जागं होतं तितकं ते स्वतःच्या अंगच्या उष्णतेनेही उगाच चाळवतं, नसलेला प्रकाश दिसायला लागतो. म्हणून असा डोळा थंड अंगावरच नीट चालेल, जे आपल्या शिकाऱ्याला आयतंच मिळालंय. पण त्याचं सावजही थंड रक्ताचं केलंत तर उष्णतेचा खळगा काढून टाका, जमिनीची थरथर ऐकणारं पोट द्या.

राहता राहिल्या ताऱ्यावरच्या ज्वाळा. २०१६ च्या मार्चमध्ये प्रॉक्सिमा थोड्या वेळासाठी जवळपास ६८ पट उजळला होता. झाडं ‘इशारा मिळताच पानं मिटतात’ असं लिहू नका, कारण भडक्याचा उजेड आणि अतिनील किरण एकाच वेगाने येतात, पान मिटेपर्यंत पहिला तडाखा बसलेला असतो. सालीत किंवा पानाच्या वरच्या थरात कायमचं संरक्षण ठेवा आणि मिटणं हवंच असेल तर ते दुसऱ्या मिनिटापासूनच्या माऱ्यासाठी.