दुबईची ऑफर मेलवर आली? "ॲक्सेप्टेड" लिहायच्या आधी हे बघा

ऑफरची मेल आली की पहिल्या पाच मिनिटांत "थँक्यू सर, ॲक्सेप्टेड" असं पाठवून मोकळं व्हायचं, आपल्याकडच्या पोरांना ही घाईच असते. मीही तेच केलं होतं, आणि ते चुकलंच.

आधी पगाराचा आकडा फोडून बघा. मावसभावाला 9,000 दिरहमची ऑफर आली, खूश झाला, पण खाली बारीक अक्षरात बेसिक 4,000 आणि बाकी सगळं हाउसिंग न ट्रान्सपोर्ट अलाउन्स. आता इथे दुबईत नोकरी सोडताना जी ग्रॅच्युइटी मिळते ती फक्त बेसिकवर, पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचा बेसिक. म्हणजे 4,000 वर वर्षाला 2,800, आणि बेसिक 6,000 असता तर 4,200. पाच वर्षांत सरळ 7,000 दिरहमचा फरक, हातात येणारा पगार तोच! त्याने मेलमध्ये नम्रपणे विचारलं, "ऑफर मान्य आहे, फक्त एकूण रक्कम तीच ठेवून बेसिक 6,000 करता येईल का?" एचआरने 5,500 केला. विचारलं म्हणून कोणी ऑफर काढून घेत नाही हो.

त्याच मेलमध्ये प्रोबेशन किती (कायद्याने जास्तीत जास्त 6 महिने), वर्षाची सुट्टी, घरी जायचं तिकीट आणि मेडिकल इन्शुरन्स हेही लिहून मागा. व्हिसाचा खर्च कंपनीचा असतो, तो तुमच्याकडून मागितला की समजा काहीतरी गडबड आहे.

जॉइनिंग डेटचं मात्र जपून. भारतात 90 दिवसांचा नोटिस पिरियड असेल तर "1 तारखेला येतो" असं कबूल करू नका, "रिलीव्हिंग आणि एंट्री परमिट दोन्ही झाल्यावर, अंदाजे अमुक तारीख" असं लिहा. आणि राजीनामा मेलवरच्या होकारावर देऊ नका. मोहरेचा, म्हणजे इथल्या लेबर मिनिस्ट्रीचा ऑफर लेटर येतो, त्यातले आकडे मेलशी जुळवून सही करा, मगच राजीनामा द्या. कंपनी फ्री झोनमधली असेल तर हा कागद त्या झोनच्या ऑथॉरिटीकडून येतो. "आधी व्हिजिट व्हिसावर या, कामाला लागा, मग बघू" म्हणाले तर सरळ नाही म्हणा, तसं काम करणं बेकायदा आहे.

कागदांत पासपोर्टची स्कॅन कॉपी, पांढऱ्या बॅकग्राउंडचा फोटो हे दहा मिनिटांचं काम. खरा वेळ खाते ती डिग्री. ती आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, मग यूएईच्या एम्बसीकडून अटेस्ट करावी लागते आणि शेवटचा शिक्का इथला. यात कित्येक आठवडे जातात, त्यामुळे एचआरला विचारा की कोणती सर्टिफिकेट अटेस्टेड लागतील, आणि ओरिजिनल कुरियरला द्यायच्या आधी रंगीत स्कॅन काढून ठेवा. डिग्रीवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव, वडिलांच्या नावासकट, जुळतंय का तेही आत्ताच बघा, इथे येऊन निस्तरायला फार त्रास होतो.