पेनड्राइव्हचे शॉर्टकट अन् shell:startup

आमच्या तालुक्याच्या गावात ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात मी ऑपरेटर म्हणून लागलो तेव्हा पीक विम्याची गर्दी होती, अन् पहिल्याच हप्त्यात एक काका पेनड्राइव्ह हलवत आले, "काहून बाबू, माह्या सातबाऱ्याच्या फाइली कुठं गेल्या?" उघडून पाहतो तर सगळ्या फाइलींच्या जागी बाण असलेले शॉर्टकट. शॉर्टकट उडवले, दुसरा कोरा पेनड्राइव्ह लावला तर त्यातही तेच. म्हणजे व्हायरसची घाण आपल्याच कॉम्प्युटरात होती, अन् मी तिकडं पेनड्राइव्ह धुवत बसलो होतो.

कॉम्प्युटर चालू झाला की आपोआप काय सुरू करायचं त्याचं एक फोल्डर असते, असा व्हायरस पहिले तिथं शोधायचा. त्या फोल्डरचा रस्ता AppData मधून लांबलचक जाते अन् AppData मुळातच लपलेलं असते, म्हणून माऊसनं शोधणारा नवा माणूस हमखास अडकते. त्यापेक्षा विंडोज बटन दाबून धरा अन् आर दाबा, रन बॉक्समधे हे टाका अन् एंटर:

```
shell:startup
```

कोलननंतर जागा सोडू नका.

माझं फोल्डर तर रिकामं निघालं. व्ह्यू मधून लपलेल्या फाइली दाखवल्या, तरी काही नाही. दोन दिवस डोकं खाजवलं बाप्पा! मग ध्यानात आलं की दुकानात लॉगिन दोन, एक माझं, एक मालकाचं, अन् ही कमांड ज्याचं लॉगिन चालू त्याचंच फोल्डर उघडते. मालकाच्या लॉगिनमधे जाऊन तीच कमांड टाकली तर तिथं इंग्रजी अक्षरांची खिचडी असलेल्या नावाची एक .vbs फाइल पडलेली. डिलीट केली, दोन सेकंदात परत हजर.

कारण ती स्क्रिप्ट मागं चालूच होती अन् स्वतःला पुन्हा लिहित होती. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समधे .vbs फाइली चालवणारी wscript.exe दिसली, ती आधी बंद केली, मग फाइल उडवली, तेव्हा कुठं गेली. त्याच नावाची नक्कल %temp% मधेही होती, तीही काढली. सगळ्या लॉगिनसाठीचं फोल्डर वेगळं असते, तेही पाहून घेतलं, इथं कमांडमधे मधली जागा पाहिजेच, अन् फाइल काढायला अॅडमिन परवानगी लागते:

```
shell:common startup
```

दोन्ही रिकामी दिसली म्हणून सुटलो असं नाही, कारण रजिस्ट्रीतूनही प्रोग्राम सुरू होतात अन् ते या फोल्डरात दिसतच नाहीत. त्यासाठी टास्क मॅनेजरचा स्टार्टअप टॅब पाहायचा. मालकाच्या लॉगिनमधे तिथं तेच खिचडी नाव निघालं, ते डिसेबल केलं अन् रीस्टार्ट मारून wscript.exe परत येते का ते पाहिलं. नाही आली.

काकांच्या फाइली गेल्याच नव्हत्या, नुसत्या लपवल्या होत्या. त्यांचा ड्राइव्ह E होता, म्हणून कमांड प्रॉम्प्टमधे:

```
attrib -h -r -s /s /d E:\*.*
```

सातबारे दिसले, शॉर्टकट मी उडवले, अन् काकांनी तिथंच सगळ्यांच्या प्रिंटा काढून घेतल्या, म्हणे कागद बरा.