फॉरवर्ड झालेल्या फोटोवरची मजकुराची पट्टी कशी कापावी

फॉरवर्ड आलेल्या फोटोच्या वर पांढरी पट्टी आणि तीत कोणीतरी लिहिलेला दावा, असं चित्र आपण रोज पाहतो. फोटो मुळात कुठला आहे हे शोधायचं असेल, तर आधी ती पट्टी काढा. ती राहिली तर गूगल लेन्स त्यातला मजकूरही वाचतं आणि तोच दावा पसरवणारी पानं पुढे येऊ शकतात.

स्क्रीनशॉट घेऊन कापू नका, त्यात फोटोचा तपशील कमी होऊ शकतो. आलेला फोटो गॅलरीत सेव्ह करा आणि गूगल फोटोजमध्ये उघडून Edit, मग Crop निवडा. गुणोत्तर Free ठेवा. ते चौरसावर अडकलेलं असेल तर वरची कड खाली ओढताना बाजूही कापल्या जातात. आता फक्त वरची कड धरून पट्टीच्या खाली आणा. खालच्या फिरवण्याच्या पट्टीला बोट लागू देऊ नका, कारण फोटो अर्धा अंश जरी कलला तरी एका कोपऱ्यात पांढरी पाचर उरू शकते. शेवटी Save copy करा, म्हणजे मूळ प्रत शाबूत राहील.

सगळ्यात जास्त चुकतं ते कड नेमकी सीमेवर ठेवल्यामुळे. जेपेग हा फाइलप्रकार फोटो ८×८ पिक्सेलच्या चौकटींत साठवतो, रंगासाठी बहुतेकदा १६×१६च्या. पट्टीची सीमा ज्या चौकटीतून जाते, तिथे पांढरा रंग फोटोत थोडा मिसळतो. आकार बदलत पुन्हा पुन्हा पाठवलेल्या फोटोत हा डाग आणखी पसरतो. म्हणून सीमेच्या १५-२० पिक्सेल आत कापा. १०८० पिक्सेल रुंदीचा फोटो फोनच्या पडद्यावर पूर्ण रुंदीत दिसत असेल, तर हे अंतर साधारण एक मिलिमीटर भरतं.

समजा फोटो १०८०×१३५० आहे आणि पट्टी वरचे २७० पिक्सेल व्यापते. २८८ पिक्सेल कापले की १०८०×१०६२ उरतो. २८८ला १६ने भाग जातो, त्यामुळे कम्प्युटरवर jpegtran या कमांडने हाच काप दर्जा न घटवता घेता येतो:

```
jpegtran -crop 1080x1062+0+288 -outfile new.jpg old.jpg
```

कापल्यावर फोटो काळ्या पार्श्वभूमीवर मोठा करून वरची कड तपासा. पांढरी रेघ दिसली तर आणखी थोडं कापा. पट्टी काळी असेल तर हीच तपासणी पांढऱ्या पार्श्वभूमीवर करा.

मजकूर फोटोवरच छापलेला असेल तर कापताना खालचं चित्रही जातं. शोधासाठी मात्र तेवढं पुरतं: चेहरे, इमारत किंवा दुकानाची पाटी असलेला भाग ठेवा आणि बाकीचा जाऊ द्या. पट्टीत छायाचित्रकाराचं नाव असेल तर ते आधी टिपून घ्या. मूळ फोटोपर्यंत पोचायला तोच सर्वात जवळचा धागा असतो, आणि फोटो पुढे पाठवताना ते नाव कापलेलं असू नये.