पनीर तव्यावर पांढरंच का राहतं?

पाण्यातून काढलेलं पनीर तसंच तव्यावर टाकलं, तर ते तांबूस होत नाही. कडेला पाणी सुटतं आणि नुसतं शिजत राहतं. पृष्ठभाग ओला असेपर्यंत तव्याची उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते आणि तिथलं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. रंग आणि खमंग वास देणारी प्रथिनं-साखरेची अभिक्रिया मात्र १४० अंशांच्या आसपास जोर धरते. म्हणून तुकडे सुती फडक्याने सगळ्या बाजूंनी टिपून घ्या, तेल चांगलं तापू द्या आणि तुकड्यांत बोटभर अंतर ठेवा, दाटीवाटीत वाफ कोंडते. चरचर थांबून बुडबुड ऐकू आली, की पाणी साचलंय असं समजा. लगेच निम्मे तुकडे काढून आच वाढवा.