‘दोनच दिवसांचं काम आहे’: प्रोजेक्टच्या मध्यावर आलेली मागणी कशी तपासावी

प्रोजेक्ट सांभाळायला लागले त्या पहिल्या वर्षी क्लायंटकडून एक साधी मागणी आली. तक्रार नोंदवणाऱ्याचा एकच फोन नंबर घेतोय, तिथे दोन घेता येतील का? मी डेव्हलपरला विचारलं. तो म्हणाला, दोन दिवस. मी फोनवरच ‘हो, होईल’ म्हणून मोकळी झाले. रिलीज ९ दिवस पुढे गेला.

नंतर मी त्या ९ दिवसांचा हिशेब मांडला. फॉर्मवरचा बदल खरोखरच २ दिवसांत झाला होता, म्हणजे डेव्हलपर खोटं बोलला नव्हता. पण तोच नंबर शोधाच्या पानावर आणि अहवालातही होता, तिथे आणखी २ दिवस गेले. जुन्या डेटात एकच नंबर होता, तो नव्या रचनेत कुठे बसवायचा यात १ दिवस गेला. तपासून झालेली पानं टेस्टरला पुन्हा तपासावी लागली, त्याचे ३ दिवस. आणि दुसरा नंबर सक्तीचा की ऐच्छिक, या एका प्रश्नाचं उत्तर यायला १ दिवस. मी डेव्हलपरला विचारलं होतं ‘किती काम आहे’, आणि क्लायंटला सांगितलं होतं ‘किती उशीर होईल’. हे दोन वेगळे प्रश्न आहेत हेच तेव्हा मला माहीत नव्हतं.

नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी पुढचा एक प्रसंग आकड्यांसकट सांगते. तत्त्वं वाचून ही गोष्ट हाताला लागत नाही. बेरीज-वजाबाकी करूनच लागते.

प्रोजेक्ट पुन्हा तक्रार नोंदणीचाच होता. एकूण ५० कामाचे दिवस, त्यातले २४ संपलेले. उरलेल्या २६ दिवसांची मांडणी अशी होती: फॉर्मची स्क्रीन पूर्ण करायला ८ दिवस, मग सगळे भाग एकत्र जोडायला ४, टेस्टिंगला ८, सापडलेल्या चुका दुरुस्त करायला २ आणि शेवटी क्लायंटच्या तपासणीला ४. बेरीज बरोबर २६. या रांगेतलं कुठलंही काम एक दिवस लांबलं की रिलीज एक दिवस लांबणार. यालाच क्रिटिकल पाथ म्हणतात. (ही पद्धत १९५०च्या दशकाच्या शेवटी ड्यूपाँट कंपनीच्या कामासाठी मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांनी बसवली. आपण आज ती वापरतो, पण बहुतेक वेळा फक्त प्लॅन बनवताना. मागणी आली की विसरतो.)

बाजूला आणखी दोन कामं चालू होती. दुसरा डेव्हलपर अहवालांवर होता, त्याचं ५ दिवसांचं काम उरलं होतं. पण अहवाल लागणार होते ते जोडणी सुरू होताना, म्हणजे ८ दिवसांनी. त्याच्याकडे ३ दिवसांची सवड होती. आमच्या भाषेत फ्लोट. जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये आणायचं काम १० दिवसांचं होतं आणि ते क्लायंटची तपासणी सुरू होईपर्यंत संपलं तरी चालणार होतं. तिथे १२ दिवसांची सवड.

२४व्या दिवशी संध्याकाळी क्लायंटच्या मॅनेजरबाईंचा फोन आला. दोन मागण्या होत्या. एक, तक्रारीसोबत फोटो जोडता यायला हवा. दोन, महिन्याचा अहवाल एक्सेलमध्ये उतरवून घेता यायला हवा. मी म्हटलं, ‘मॅडम, उद्या दुपारपर्यंत तारखेवरचा परिणाम कळवते, मग तुम्ही ठरवा.’ त्यांना ते फारसं आवडलं नाही. पण फोनवर ‘हो’ म्हणणं जितकं वाईट, तितकंच फोनवर ‘नाही’ म्हणणंही. दोन्हींत हिशेब झालेला नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही डेव्हलपर आणि टेस्टर यांना तासभर एकत्र बसवलं. टेस्टरला न बोलावता ही बैठक घेण्यात अर्थ नाही. तासभरच, कारण अंदाज काढायलाही वेळ लागतो आणि तो क्रिटिकल पाथवरच्याच माणसाच्या खिशातून जातो. मागणी मोठी असेल, नीट अंदाजालाच दोन दिवस लागणार असतील, तर ते दोन दिवस आधी मागून घ्यावेत. अंदाज फुकट असतो असं समजून मी एकदा चार मोठ्या मागण्यांचे अंदाज काढून दिले होते. चारही नाकारल्या गेल्या आणि आठवडा मात्र गेला.

बैठकीत निघालं ते असं. दोन्ही मागण्यांना डेव्हलपरनी ‘दोन-दोन दिवस’च सांगितले. पण फोटोचे २ दिवस फॉर्मच्या स्क्रीनवर, म्हणजे थेट क्रिटिकल पाथवर पडत होते. टेस्टिंगमध्येही १ दिवस वाढत होता, कारण मोठी फाइल, चुकीच्या प्रकारची फाइल, मध्येच तुटलेलं इंटरनेट हे सगळं बघावं लागतं. शिवाय सर्व्हरच्या बाजूला फोटो साठवण्याचं १ दिवसाचं काम होतं. ते अहवालवाला डेव्हलपर त्याच्या सवडीतून करू शकत होता. म्हणजे फोटोमुळे रिलीज ३ दिवस पुढे, आणि अहवालाची सवड ३ वरून २ वर. एक्सेलचे २ दिवस अहवालाच्या रांगेत पडत होते, तिथे उरलेली सवड बरोबर २. म्हणून उशीर शून्य, असं मी लिहून टाकलं. (इथे माझी एक चूक आहे, ती पुढे येईल.)

दोन मागण्या, अंदाज सारखाच, आणि एकीने रिलीज ३ दिवस ढकलला तर दुसरीने जवळपास नाही. फरक काम कुठल्या रांगेत बसतं यात आहे. आणखी एक बघा. एक्सेल स्वीकारल्यावर अहवालाची सवड शून्य झाली. यानंतर अहवालात अर्ध्या दिवसाचीही मागणी आली तर ती रिलीज अर्धा दिवस ढकलणार. पहिली फुकट मिळाली म्हणून दुसरीही मिळेल असं क्लायंटला वाटतं, आणि त्यात त्याची चूक नाही, कारण सवड संपल्याचं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून प्रत्येक स्वीकारलेल्या मागणीनंतर उरलेली सवड मी लिहून पाठवते.

अंदाजात न दिसणारी गोष्ट म्हणजे वाट बघणं. फोटो साठवायला सर्व्हरवर जास्तीची जागा लागणार होती आणि ती मंजुरी क्लायंटच्याच तांत्रिक विभागाकडून यायची होती. त्यांचा नेहमीचा वेळ ५ दिवस. यात आमचं कुणाचंच काम नाही, म्हणून ‘किती दिवस’ विचारलं की हे ५ कुणी सांगत नाही. जोडणी ३३व्या दिवशी सुरू होणार, म्हणजे मंजुरी ३२व्या दिवशी हातात हवी, म्हणजे अर्ज उशिरात उशिरा २८व्या दिवशी सकाळी जायला हवा. मी तो २५व्या दिवशीच पाठवायला लावला, फोटोचा निर्णय व्हायच्या आधी. मागणी रद्द झाली असती तर अर्ज मागे घ्यायला एक ओळ पुरली असती.

मग मॅडमना लिहिलं. शब्द साधारण हे होते:

‘फोटो: आत्ता घेतल्यास रिलीज ५०व्या ऐवजी ५३व्या दिवशी. तारीख तीच हवी असल्यास अर्धवट भरलेला फॉर्म आपोआप जतन होण्याची सोय या रिलीजमधून काढावी लागेल. तिचंही स्क्रीनवर २ आणि टेस्टिंगमध्ये १ दिवस काम आहे आणि ते अजून सुरू झालेलं नाही. किंवा फोटो पुढच्या रिलीजमध्ये घेऊ. एक्सेल: तारखेवर परिणाम नाही, पण यानंतर अहवालात सवड उरणार नाही. हा हिशेब २८व्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंतच खरा आहे.’

शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. २९व्या दिवशी डेव्हलपर आपोआप जतन करण्याचं काम हातात घेणार होता. ते सुरू झालं की अदलाबदलीतून पूर्ण २ दिवस परत मिळणार नव्हते, आणि झालेलं काम काढून टाकलं तर काहीच परत मिळत नाही. आणि हाच फोटो टेस्टिंग सुरू झाल्यावर, समजा ४०व्या दिवशी मागितला असता, तर ३ दिवसांत भागलं नसतं. स्क्रीन पुन्हा उघडायची, पुन्हा जोडायची आणि तपासून झालेला फॉर्म पहिल्यापासून तपासायचा, म्हणजे सहज दुप्पट. परिणामाचा आकडा नाशवंत असतो. त्यावर मुदत लिहिली नाही तर तीन आठवड्यांनी कुणीतरी तुमचाच जुना मेल पुढे करून ‘तुम्हीच तर तीन दिवस म्हणाला होतात’ म्हणतं.

काही मागण्यांत निवड नसते. सुरक्षेतली फट सापडली किंवा नियम बदलला, तर काम करावंच लागतं. तिथेही हाच हिशेब करायचा. फक्त तो ‘करायचं का’ यासाठी नसून नवी तारीख काय हे सांगण्यासाठी असतो. आणि ‘ही नवी मागणी नाही, तुमची चूक आहे’ असा वाद निघाला तर आधी दोघांनी मान्य केलेला लेखी कागद उघडावा. त्यात ते नसेल तर वाद चालू राहू दे, पण दिवस त्याच दिवशी मोजून ठेवावेत. पैसे कुणाचे हे नंतर ठरलं तरी चालतं, दिवस मात्र वाट बघत नाहीत.

मॅडमनी २७व्या दिवशी अदलाबदल निवडली. आपोआप जतन बाहेर, फोटो आत, एक्सेल आत.

सर्व्हरची मंजुरी ५ ऐवजी ७ दिवसांनी, ३१व्या दिवशी आली. अर्ज लवकर गेल्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. अहवालवाल्याचं काम ३२व्या दिवशी नेमकं संपलं, जोडणी ३३व्या दिवशी सुरू झाली. अडकलो ते टेस्टिंगमध्ये. एक्सेलचं काम अहवालाच्या सवडीत बसलं होतं खरं, पण ते तपासणारी टेस्टर एकच होती आणि तिचे आठही दिवस क्रिटिकल पाथवर होते. ‘उशीर शून्य’ लिहिताना मी फक्त डेव्हलपरच्या रांगा बघितल्या होत्या. रांगा कितीही असल्या तरी त्या सगळ्या शेवटी एकाच माणसाच्या टेबलावर येतात, हे बैठकीत ती स्वतः समोर बसलेली असूनही मी विचारलं नाही. एक्सेल तपासायला तिला अर्धा दिवस लागला, त्यात निघालेल्या चुकीच्या दुरुस्तीला आणखी अर्धा, आणि रिलीज ५१व्या दिवशी झाला. त्या एका दिवसाची माफी मागणारा मेल मीच लिहिला.