जर्मन टोस्टमधला 'तुम्ही' असा दुरुस्त केला

मैत्रिणीच्या लग्नात नवरा-नवरी दोन वेगळ्या संस्कृतींतले, टोस्ट जर्मनमध्ये द्यायचा होता. मी लिहिलं 'इश व्युन्शऽ ईनेन', म्हणजे 'माझी तुम्हाला शुभेच्छा', कारण डोक्यात मराठी 'तुम्ही'. पण ईनेन आदरार्थी आहे, जवळच्या मित्रांना ते फारच परकं वाटतं, आपलं 'तुम्ही' आदरालाही आणि अनेक मित्रांनाही चालतं म्हणून चूक लक्षातच आली नाही! दोघं मित्र, म्हणजे जवळच्यांसाठीचं 'तुम्हाला', 'ऑइश'. मग वाक्य असं केलं: 'इश व्युन्शऽ ऑइश, दास ईअर ऑइश इन येडर श्प्राखऽ फेरश्टेट', म्हणजे तुम्ही एकमेकांना प्रत्येक भाषेत समजून घ्यावं. 'दास', म्हणजे 'की', याच्यानंतर क्रियापद मराठीसारखंच शेवटी जातं, त्यामुळे पाठ पटकन झालं. शेवटी ग्लास उचलून 'आउफ ऑइश!', म्हणजे तुमच्या नावानं, इथे 'साठी' या अर्थाचं 'फ्युअर' नाही चालत.