ओढ्यांच्या वाटेवर सँडल की बूट? वासोटा-नागेश्वरसाठी पायताण कसे निवडावे

पावसाळ्यात बंद असलेली वासोट्याची वाट उघडते, तेव्हा ओढ्यांना पाणी असतंच. बामणोलीहून लाँचने मेट इंदवलीला उतरून किल्ल्याकडे चढायचं असेल, तर पाय अधूनमधूनच भिजतात. नागेश्वरच्या गुहेतल्या देवळाच्या बाजूला मात्र ओढ्याच्या पात्रातून दगडगोट्यांवर बराच वेळ चालावं लागतं. तिथे वॉटरप्रूफ बूट सगळ्यात गैरसोयीचा. पाणी घोट्याच्या वर गेलं की ते वरून बुटात शिरतं आणि जे अस्तर पाणी आत येऊ देत नाही, तेच ते बाहेरही जाऊ देत नाही. असा बूट रात्रभरात वाळत नाही. या वाटेला म्हणूनच पट्ट्यांचा ट्रेकिंग सँडल बरा, पण कोणताही नव्हे.

आधी पट्टे बघा. चवड्यावर, पायाच्या वरच्या उंचवट्यावर आणि टाचेमागे असे तीन पट्टे हवेत आणि तिन्ही वेगवेगळे आवळता आले पाहिजेत. टाचेचा पट्टा शिवून पक्का केलेला असेल तर उतारावर पाय पुढे सरकतो आणि बोटं दगडावर आपटतात. वेल्क्रोमध्ये ओढ्याची वाळू अडकली की पकड सुटते, म्हणून निदान वरचा पट्टा तरी बकलचा घ्या. नायलॉनचा पट्टा भिजल्यावर थोडा सैल पडतो. पहिला ओढा ओलांडला की थांबून तो पुन्हा आवळा.

घरीच एक चाचणी करा. सँडल दहा मिनिटं बादलीत बुडवा, घाला आणि जिना उतरा. बोटं सोलच्या कडेबाहेर आली किंवा ओल्या तळावर पाऊल आडवं घसरलं, तर तो सँडल नको. खालच्या रबरापेक्षा वरचा गुळगुळीत तळच अनेकदा दगा देतो.

सोलचं रबर नखाने दाबून बघा. किंचित दबून परत वर येणारं मऊ रबर ओल्या कातळाला धरतं, कडक प्लास्टिकसारखं असेल तर घसरतं. चार-पाच मिलिमीटरच्या खाचा चिखलासाठी लागतात, कातळावर त्यांचा उपयोग थोडा. शेवाळ धरलेल्या दगडावर मात्र कुठलंच रबर टिकत नाही. तिथे दगडावर पाय न देता दोन दगडांमधल्या वाळूत ठेवावा. पाणी गढूळ असेल तर आधी काठीने तळ चाचपावा.

मोजे घालावेतच. वाळूचा कण पट्ट्याखाली गेला की तासाभरात कातडी सोलवटते. सुती मोजा पाणी धरून ठेवतो, त्याच्या वळ्या पडतात आणि फोड येतात. पातळ सिंथेटिक किंवा लोकरीचा, घोट्याच्या वर येणारा मोजा घ्या. पँटचं टोक त्यात खोचलं की जळवांनाही आळा बसतो. ओलांडून झाल्यावर मोजा काढून पिळा, पाऊल धुऊन वाळू काढा आणि मगच पुन्हा घाला. कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, तो परतीच्या लाँचमध्ये घालायचा.

पाठीवर जड ओझं असेल किंवा घोटा पूर्वी मुरगळला असेल, तर बूटच घाला. फक्त जाळीच्या कापडाचा, वॉटरप्रूफ अस्तर नसलेला निवडा. त्यातलं पाणी चालता चालता निथळून जातं.